डिप्लोमाच्या रकान्यात आयटीआय

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.कॉम. झाल्याचं कळलं तेव्हा आईनं गल्लीत गूळ-खोबरं वाटलं आणि मोठ्या भावानं सिल्वासाहून निरोप पाठवला की ताबडतोब निघून ये, इथे नोकरी आहे. नोकरी होती एका धाग्याच्या कारखान्यात, टाइम ऑफिसमध्ये. टाइम ऑफिस म्हणजे गेटशेजारची काचेची खोली. तिथे बसून कामगारांची हजेरी मांडायची आणि महिनाअखेरीस पगाराचे तक्ते करायचे. मला त्या खोलीत एक खुर्ची मिळाली, पंखा मिळाला आणि पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की मी स्टाफ आहे.

स्टाफ म्हणजे काय, ते कळायला मला आठवडाभर लागला. आमच्या कारखान्यात माणसांच्या दोन जाती होत्या, स्टाफ आणि वर्कर. स्टाफला चहा कपबशीत, वर्करला स्टीलच्या पेल्यात. स्टाफला मिनीबस, वर्करला मागचं फळकूट उघडं असलेला टेम्पो. दोन्ही गाड्या डोकमर्डीच्या एकाच नाक्यावर थांबायच्या. मी आणि दादा एकाच खोलीतून, वहिनीनं एकाच वेळी भरलेले डबे घेऊन निघायचो आणि नाक्यावर वेगळे व्हायचो. मी मिनीबसमध्ये खिडकीपाशी बसायचो, दादा टेम्पोत दांडा धरून उभा राहायचा. सामरवरणीच्या रस्त्याला टेम्पो बसच्या पुढे गेला की तो मला हात करायचा. मला साधा फ्यूज बांधता येत नव्हता आणि दादा त्या कारखान्याच्या सगळ्या विजेचा कारभार बघत होता. पण मी पदवीधर होतो आणि तो आयटीआय, म्हणून जगाचा न्याय एकदम बरोबर होता.

हा न्याय आमच्या घरातच झालेला होता, त्यामुळे कारखान्याला दोष देता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दादा दहावी झाला. मार्क चांगले होते. माझ्यापेक्षा चांगले, हे इथेच सांगून टाकतो. जिल्ह्याच्या पॉलिटेक्निकच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, इलेक्ट्रिकल डिप्लोमाला. पण डिप्लोमा तीन वर्षांचा. वसतिगृह, फी, ड्रॉइंग बोर्ड, आणि तीन वर्षं त्याच्याकडून घरात एक पैसा येणार नाही. तालुक्याच्या गावी आयटीआय होतं. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, वर थोडंफार विद्यावेतन, आणि सायकलनं जाऊन-येऊन करता येण्यासारखा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवून विचार केला असेल असं मला वाटत नाही. ते म्हणाले, हे बरं. दादानं आयटीआयमध्ये नाव घातलं.

दोन वर्षं तो खाकी कपडे घालून गेला. लाकडी बोर्डावर वायरिंग करायचं, मोटार उघडायची, तिचं वाइंडिंग काढून परत भरायचं, जुन्या लोखंडाच्या तुकड्याला कानस घासून काटकोन आणायचा. दिवसाचे बहुतेक तास हातानं काम आणि थोडे तास फळ्यावर. मग एका साखर कारखान्यात वर्षभर अ‍ॅप्रेंटिस म्हणून राहिला आणि शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट पास झाला. म्हणजे एकूण वर्षं मोजली तर त्याचीही तीनच झाली. डिप्लोमाचीही तीनच. पण एका तीन वर्षांना इंजिनिअरिंग म्हणायचं आणि दुसऱ्या तीन वर्षांना ट्रेड, असं सरकारनं ठरवलेलं आहे आणि सरकारला कारणं असतात.

ट्रेड टेस्टनंतर तो सिल्वासाला आला. तेव्हा तिथे करमाफीमुळे रोज कुठेतरी नवी शेड उभी राहत होती आणि खानदेशातून पोरं येत होती. दादा ज्या कारखान्यात लागला त्याचं तेव्हा छप्परही पुरं झालेलं नव्हतं. त्यानं केबल ओढल्या, पॅनेल बसवताना मेकॅनिकच्या हाताखाली राबला, मशीन सुरू होताना बघितली. आमचा धागा मशीनवर गरम होऊन पीळ घेतो, आणि वीज क्षणभर जरी गेली तरी सगळे धागे तुटतात, मग ते परत ओवत बसायला अर्धी पाळी जाते. म्हणून तिथे इलेक्ट्रिशियनला मान होता. मान म्हणजे त्याला सगळे हाक मारायचे. पुढेपुढे रात्रपाळीला आणि नंतर दिवसपाळीलाही मेन्टेनन्सची सगळी माणसं कोण कुठे जाणार हे दादाच सांगायला लागला. फिटर, वायरमन, हेल्पर, सगळे. पाळीचा इनचार्ज तोच. फक्त पगारपत्रकात तो इलेक्ट्रिशियन होता. ते पगारपत्रक मी करायचो, म्हणून मला खात्रीनं माहीत आहे.

दादाला सुपरवायझर व्हायचं होतं. हे त्यानं कधी लपवलं नाही. दर दिवाळीला तो पर्सोनेल मॅनेजरांकडे जाऊन विचारायचा, आणि दर दिवाळीला साहेब त्याला मिठाईचा बॉक्स देऊन सांगायचे की बघू. साहेब मुंबईचे, मूळचे कोकणातले, बोलायला गोड. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की तुझा भाऊ गुणी आहे, पण सुपरवायझर म्हणजे स्टाफ, आणि स्टाफला डिप्लोमा लागतो. मी म्हटलं, हे कुठे लिहिलेलं आहे? साहेब दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, अरे, सगळं लिहूनच लागतं का.

थोड्याच दिवसांत ते लिहिलं गेलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या भागातल्या कारखान्यांना क्वालिटी सर्टिफिकेटची साथ आली. ज्याच्या गेटवर त्या सर्टिफिकेटचा बोर्ड नाही त्याचा माल परदेशी जाणार नाही, असं शेठना कोणीतरी सांगितलं. शेठ मुंबईत बसायचे, महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी फर्मान काढलं. मुंबईहून एक सल्लागार आला, टाय लावून. त्यानं कँटीनमध्ये आम्हाला जमवून सांगितलं की यात अवघड काही नाही, जे करता ते लिहा आणि जे लिहाल ते करा. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी महिनाभर बसून जे करायला हवं होतं ते लिहिलं.

प्रत्येक खात्याची एक जाड फाइल तयार झाली. मॅन्युअल म्हणायचे तिला. त्यात एक तक्ता होता, कोणत्या पदाला किमान शिक्षण काय. हा तक्ता साहेबांनी स्वतः भरला. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात त्यांनी समोर ठेवली होती. ऑपरेटर, दहावी. फिटर आणि इलेक्ट्रिशियन, आयटीआय. मेन्टेनन्स शिफ्ट सुपरवायझर, डिप्लोमा इन इंजिनिअरिंग. इंजिनिअर, पदवी. वाचायला फार सुंदर तक्ता होता. शेठ आले, त्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, डिप्लोमावाळो छे ने, म्हणजे आहे ना? साहेब म्हणाले, छे. शेठ खूश झाले. सही झाली.

तक्त्यात डिप्लोमा लिहिला म्हणून डिप्लोमावाला आणणं आलं. नाशिककडचा एक मुलगा आला, नुकताच पास झालेला. त्याची नेमणूक ट्रेनी सुपरवायझर म्हणून झाली. तो आल्या दिवशी मिनीबसमध्ये माझ्या शेजारी बसला. मी मनातल्या मनात त्याचा राग करायची तयारी केलेली होती, पण त्यानं ती संधी दिली नाही. साधा मुलगा. वडील प्राथमिक शिक्षक. कामात बरा होता. इंग्रजीतलं ड्रॉइंग तो भराभर वाचायचा, नवं मशीन आलं तेव्हा किती लोड पडेल आणि केबल किती जाडीची लागेल याचा हिशेब त्यानं मांडून दिला आणि तो बरोबर होता. दादाला तो हिशेब येत नव्हता. दादा सरळ म्हणायचा, मला ते शिकवलंच नाही, अंदाजानं एक नंबर वरची केबल टाकतो झालं. उलट दादाची लिहायची बोंब होती. कोणती मोटार कधी उघडली, काय बदललं, सगळं त्याच्या डोक्यात, वहीत काही नाही. त्या मुलानं येऊन नोंदी ठेवायला सुरुवात केली. मात्र कोण कुठे जाणार हे सकाळी दादाच सांगायचा आणि तो मुलगाही त्याला दादाच म्हणायचा. तीन वर्षं पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉपला आठवड्यातून थोडे तास मिळाले, त्यामुळे चालू पॅनेलसमोर उभं राहायची अजून सवय नाही, हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं. दोघांचं छान चाललं होतं. तक्त्याला ते ठाऊक नव्हतं.

ऑडिट जवळ आलं तसं साहेबांच्या लक्षात आलं की मॅन्युअलप्रमाणे पाळीचा सुपरवायझर हा मुलगा आहे आणि पाळी चालवतो भलताच माणूस. सर्टिफिकेट देणारा ऑडिटर खात्यात फिरून कोणालाही काहीही विचारतो, असं सल्लागारानं सांगितलेलं होतं. यावर सोपा उपाय होता. मॅन्युअल बदलायचं. मी ते साहेबांना सुचवलं. साहेब म्हणाले, शेठची सही झालेली आहे, आता ते वेद आहेत. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. ऑडिटच्या दिवशी दादानं रजा घ्यायची.

दादाला बोलावलं तेव्हा मी तिथेच हजेरीचा कागद घेऊन उभा होतो. साहेब गोड आवाजात म्हणाले, एक दिवस आराम कर, भरपगारी.

दादा म्हणाला, "आराम करतो की. पण साहेब, नेमकं त्याच वेळी काही ट्रिप होऊन बंद पडलं तर?"

साहेबांनी याचाही विचार केला होता. रजा हजेरीपत्रकात. प्रत्यक्षात त्यानं स्टोअरमध्ये बसायचं, मागच्या बाजूला, बेअरिंगच्या खोक्यांपाशी. हाक मारली तर यायचं, नाहीतर ऑडिटर जाईपर्यंत बाहेर दिसायचं नाही.

"म्हणजे मी रजेवर पण आणि कामावर पण," दादा म्हणाला. "आणि चहा?"

चहा पाठवू, असं साहेब म्हणाले. दादानं मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तू काय लिहून राहिला मग? मी आत का बाहेर?" मी सांगितलं, बाहेर. तो हसला नाही.

घरी त्यानं वहिनीला सांगितलं. वहिनी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, इतकी वर्षं यांनी दिवे लावले तेव्हा दिसत होते, आता यांना लपवायला निघाले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, भाऊजी, तुमच्या ऑफिसात लाज नावाचं काही भरलं आहे का, का त्यालाही डिप्लोमा लागतो? मी स्टाफच्या वतीनं पोळी वाढून घेतली.

दादाला राग लपण्याचा नव्हता. तो म्हणाला की एकदा का त्या पोराचं नाव ऑडिटरच्या कागदात सुपरवायझर म्हणून बसलं की आपल्याला ती जागा कायमची बंद. पुन्हा दिवाळीला विचारायचीही सोय नाही. मला ते कळत होतं. सुपरवायझरची जागा पाळीला एकच होती.

तालीम मात्र जोरात झाली. साहेब त्या मुलाला रोज अर्धा तास समोर बसवून प्रश्न विचारायचे. तुम्ही कोण? शिफ्ट सुपरवायझर. तुमचं शिक्षण? डिप्लोमा. काम कोण वाटून देतं? मी. मुलगा पाठ केल्यासारखा म्हणायचा आणि नंतर बसमध्ये माझ्याशेजारी बसून नखं खायचा. त्याच्या टेबलावर नावाची पाटी आली. दादाचा स्क्रू ड्रायव्हरचा डबा त्या टेबलाच्या खणातून निघून स्टोअरमध्ये गेला.

ऑडिटर आला. बारीक, शांत माणूस, हातात एक साधी वही. आम्हाला वाटलं होतं कोणी जबरदस्त येईल. साहेब त्याच्या एका बाजूला, सल्लागार दुसऱ्या बाजूला, मी मागे फायली घेऊन. मेन्टेनन्समध्ये तो त्या मुलापाशी थांबला. पाठ केलेले तिन्ही प्रश्न त्यानं जवळजवळ त्याच क्रमानं विचारले आणि तिन्ही उत्तरं छान आली. साहेबांचा चेहरा उजळला. मग ऑडिटर सहज म्हणाला, किती दिवस झाले इथे?

मुलानं सांगितलं, अजून वर्ष व्हायचं आहे.

त्याच्या आधी ही पाळी कोण बघत होतं?

हा प्रश्न तालमीत नव्हता. मुलगा साहेबांकडे बघू लागला. साहेब छताकडे बघू लागले. शेजारी एक उत्तर प्रदेशचा ऑपरेटर दोरा गुंडाळलेला कोन घेऊन उभा होता. त्याला कोणी विचारलेलं नव्हतं, पण मोठ्या माणसांना उत्तर सुचत नाही म्हणून त्यानं मदत केली. "दादा देखते हैं साब. अभी भी दादा ही देखते हैं."

ऑडिटरनं विचारलं, दादा कोण? साहेब चटकन म्हणाले की आमचे एक सीनियर इलेक्ट्रिशियन आहेत, आज रजेवर आहेत. मी हजेरीपत्रक पुढे केलं. त्यात रजा होती, सुवाच्य अक्षरात.

तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, ते स्टोअरमध्ये आहेत. मी बोलावू का? मला कामं तेच वाटून देतात."

तो असं का बोलला हे मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला की भीती वाटली. त्यांच्या रजेला हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून खरंच सगळी पाळी माझ्या गळ्यात पडली असती, आणि मला अजून शिकायचं होतं. मला त्यात थोर असं काही वाटलं नाही, शहाणपण वाटलं. पॉलिटेक्निकनं ते शिकवलं असेल तर ती तीन वर्षं वाया गेली नाहीत.

दादा आला. रजेवरचा माणूस, हातात चहाचा पेला, पॅंटला ग्रीस. ऑडिटरनं त्याला शिक्षण विचारलं. आयटीआय, इलेक्ट्रिशियन, अ‍ॅप्रेंटिसशिप, ट्रेड टेस्ट पास. इथे किती वर्षं? छप्पर नव्हतं तेव्हापासून. मग त्यानं मॅन्युअलचा तक्ता उघडून साहेबांना विचारलं की सुपरवायझरला डिप्लोमाच हवा, हे कोणी ठरवलं?

साहेब ताठ होऊन म्हणाले की सर्टिफिकेटच्या स्टँडर्डची तशी अपेक्षा आहे.

ऑडिटर म्हणाला, नाही. स्टँडर्डमध्ये लिहिलं आहे की माणूस शिक्षणानं, प्रशिक्षणानं किंवा अनुभवानं त्या कामाला लायक असावा. काय हवं ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही डिप्लोमा लिहिलात आणि काम देता आयटीआयवाल्याला. मला दोन्ही चालेल, पण दोन्ही एकदम चालणार नाही. त्यानं वहीत एक ओळ लिहिली. किरकोळ त्रुटी, अमुक मुदतीत दुरुस्त करावी. बाकी सगळं ठीक होतं. त्यानं आमच्या कँटीनचं कौतुक केलं आणि गेला.

म्हणजे आता प्रश्न फक्त एवढा राहिला की तक्ता माणसाप्रमाणे बदलायचा की माणूस तक्त्याप्रमाणे. सल्लागार म्हणाला, वाक्यात दोन शब्द घाला, डिप्लोमा 'किंवा समकक्ष'. मग दादाच्या नावापुढे समकक्ष लिहा, आयटीआय हा शब्दच यायला नको, शेठनाही बरं वाटेल. साहेबांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी दादाला लगेच बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. मी इतक्या वर्षांत त्याला त्या खोलीत बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. सुपरवायझर. पत्र मिळेल. स्टाफ. सहा महिने प्रोबेशन, ते सगळ्यांनाच असतं, वाईट वाटून घेऊ नकोस. आणि शिक्षणाच्या रकान्यात डिप्लोमा समकक्ष.

दादानं विचारलं, "आयटीआय का नाही लिहायचं?"

साहेब म्हणाले, अरे, तुझ्याच भल्याचं आहे, चांगलं दिसतं.

"साहेब, डिप्लोमाला माझं नाव लागलं होतं. मी गेलो नाही," दादा म्हणाला. "जे केलं ते आयटीआय केलं. ते लिहा. नाहीतर मग त्या पोरालाच द्या जागा, त्याच्याकडे खरा आहे."

इतकी वर्षं ज्या जागेसाठी हा दर दिवाळीला मिठाईचे बॉक्स घेऊन परत येत होता ती जागा समोर टेबलावर होती आणि हा एका शब्दासाठी ती परत सरकवत होता. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं बघितलं नाही. साहेब म्हणाले, आयटीआय लिहायचं तर वाक्यच बदलावं लागेल, आणि त्याला शेठची परवानगी लागेल, आणि शेठ काय म्हणतील मी सांगू शकत नाही. दादा म्हणाला, विचारून बघा.

त्या संध्याकाळी टेम्पोच्या लोकांनी त्याला सांगितलं की गेली जागा. वहिनी दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही, त्याच्याशीही. मी रागावून दादाला म्हटलं की समकक्ष म्हणजे सारखाच, त्यात अपमान काय आहे? तो म्हणाला, "सारखा आहे तर नाव घ्यायला लाजतात कशाला?"

शेठना फोन लागला तेव्हा मी साहेबांच्या खोलीत पगाराचे तक्ते घेऊन होतो. साहेबांनी पाच मिनिटं प्रस्तावना केली, धोरण, परंपरा, कामगारांचं मनोबल. पलीकडून शेठनी मध्येच काहीतरी विचारलं. साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं की हा वर्कर असताना ओव्हरटाइम किती घेतो? मी सांगितलं, मेन्टेनन्समध्ये सर्वात जास्त. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यातले आठच्या वरचे सगळे तास ओव्हरटाइम. कायद्यानं त्याला दुप्पट दर आहे. आमचा कारखाना कायदा मानणारा होता, म्हणून दीडपट द्यायचा.

आणि सुपरवायझर झाल्यावर?

मी म्हटलं, सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो. स्टाफला नसतोच. बारा तास तेच राहतील.

साहेबांनी हे शेठना गुजरातीत सांगितलं. फोनमधून शेठचा आवाज मलाही ऐकू आला. "तो पछी लखी नाखो ने. जे लखवुं होय ते लखो." मग लिहून टाका, जे लिहायचं ते लिहा.

अशा रीतीनं आयटीआयला न्याय मिळाला. मॅन्युअलची नवी आवृत्ती निघाली, तिला नवा क्रमांक मिळाला, जुनी पानं फाडून लाल शिक्का मारून ठेवली. नवं वाक्य होतं, डिप्लोमा, किंवा आयटीआय व अ‍ॅप्रेंटिसशिप आणि संबंधित कामाचा दहा वर्षांचा अनुभव. तीन वर्षांच्या डिप्लोमाची बरोबरी करायला आयटीआयवाल्याला सगळी मिळून तेरा वर्षं लागतात, असा तो हिशेब. साहेबांनी तो उदारपणे मांडला होता. नाशिकच्या मुलाला त्यांनी दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर केलं, तिथे एक जुना फिटर पाळी सांभाळत होता आणि मुलाला पुन्हा शिकायला मिळालं.

पत्र घ्यायच्या आदल्या दिवशी मी दादाला पगाराचं मस्टर दाखवलं. आता हातात पडतं ते आणि पुढच्या महिन्यापासून पडेल ते. माझं कामच ते होतं. मी म्हटलं, दादा, तू आत्ताच माझ्यापेक्षा जास्त घरी आणतोस, उद्यापासून कमी आणशील. माझी फी याच ओव्हरटाइमवर भरलेली होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, ते बोलायची गरज नव्हती. वहिनीनंही ऐकलं. ती म्हणाली, मग कशाला घेता?

दादानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "दहावी झालो तेव्हा स्वस्तातलं होतं ते घेतलं. तेव्हा घरात वडिलांशिवाय कोणी कमावतं नव्हतं. आता हा आहे." हा म्हणजे मी. मला कृतज्ञ व्हायची सवय होती. उलट बाजूनं कोणी माझ्यावर भरवसा टाकण्याची नव्हती. वहिनी म्हणाली, ठीक आहे, मग किराणा भाऊजींच्या पगारातून. त्यावर चर्चा झाली नाही.

त्यानं सही केली. नोटीस बोर्डावर नाव लागलं, त्यापुढे स्वच्छ आयटीआय. लोकांनी पेढे मागितले. पुढच्या वर्षभरात शेठना या प्रकाराची गोडी लागली आणि पाळीला एकच जागा हा नियम गेला. तीन जुने फिटर आणि एक टर्नर, सगळे आयटीआय, एकेक करून सुपरवायझर झाले आणि एकेक करून त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला. साहेबांचं शेठनी कौतुक केलं म्हणे. आमच्या शेजारच्या कारखान्यानंही ते वाक्य जसंच्या तसं उचललं.

त्या चौघांनी पत्र घेण्याआधी दादाला येऊन विचारलं होतं. तो त्यांना टाइम ऑफिसमध्ये माझ्याकडे घेऊन यायचा, मला मस्टर काढायला लावायचा, आणि कमी होणारा पगार त्यांना स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायचा. प्रत्येक जण थोडा वेळ घोटाळायचा, घरी विचारतो म्हणायचा. टर्नर तर दोनदा नाही म्हणून गेला. शेवटी चौघांनीही पत्र घेतलं.